मूळ प्रतच जोडावी

आमच्या सोसायटीचे सचिव वैजिनाथअप्पा कोरे यांनी एकतीस वर्षं तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. माणूस दारातून आत आला की त्याच्या तोंडाकडे न बघता हातातल्या कागदाकडे बघायची सवय त्यांना तिथूनच लागली. अर्जाला जोडलेली सहपत्रं किती, ती माणसासमोर मोजायची, शिक्क्याखाली आकडा टाकायचा आणि मगच पोच द्यायची. "न मोजता पोच दिली की भांडण घरी येतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी ते किमान दोनशे वेळा ऐकलं असेल, कारण मी त्यांच्या समोरच्या दारात राहते आणि समितीतही आहे. समितीत बायका घ्याव्या लागतात, म्हणून मला घेतलं. माझं काम बहुतेक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होकाराचा अंगठा दाखवायचं. तो मी इमानेइतबारे दाखवत आले, आणि या गोष्टीत माझाही वाटा आहे तो इतकाच. इतकाच म्हणते, पण कमी नाही.

सोसायटी गेवराई रस्त्याला, चोवीस घरांची. नळाला पाणी आठवड्या-दहा दिवसांनी येतं, त्यामुळे गच्चीवरच्या टाक्या कायम भरून ठेवलेल्या. बिल्डरनं ताबा देऊन पाच वर्षं होत आली होती. त्याच्या आत बांधकामातले दोष लेखी दाखवून दिले तर दुरुस्ती त्याची, नंतर आपली. मुदत तीस सप्टेंबरला संपणार होती. बिल्डरच्या कचेरीनं सांगितलं, प्रत्येक दोषाचा फोटो हवा, फोटो नसेल तर यादीत घेणार नाही.

अप्पांनी त्यांचा भाचा वीरेश याच्याकडून तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म बनवून घेतला. वीरेश सिरसाळ्यात कॉम्प्युटरचे क्लास चालवतो. फॉर्म साधा होता: नाव, घर क्रमांक, तक्रार, एक फोटो. खाली बटण. दाबलं की हिरवी टिक आणि 'आपली तक्रार नोंदली आहे, धन्यवाद.' भरलेला फॉर्म अप्पांच्या फोनवर तक्त्यात यायचा, शेवटचा रकाना फोटोचा. सुरुवातीला छान चाललं. लोक व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो उचलून जोडायचे, कुणाची गळकी मोरी, कुणाची तडा गेलेली फरशी. फोटो धुरकट, पण यायचे.

अप्पांना धुरकट आवडेना. एक ऑगस्टला त्यांनी ग्रुपवर नोटीस टाकली:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो ही प्रत समजली जाईल. प्रत ग्राह्य धरली जाणार नाही. कॅमेऱ्यातील मूळ फोटोच जोडावा. फोटो नसलेली तक्रार निकाली काढली जाईल."

कचेरीत झेरॉक्स कधी चालली नाही, तर इथे का चालावी? मी अंगठा दाखवला.

आणि त्यानंतर गंमत सुरू झाली. तक्रारी येत राहिल्या, फोटो येईनासे झाले. म्हणजे सगळ्यांचे नाही. अध्यक्ष अर्जुनराव यांचा फोन इतका जुना की त्याची काच सेलोटेपनं धरलेली. त्यांचा पार्किंगचा फोटो आला. पण नोकरदार मंडळींचे, नवे फोन वापरणाऱ्यांचे, एकाचाही नाही. अप्पा चक्रावले. "शिकलेल्या लोकांनाच फोटो जोडता येईना," असं म्हणून त्यांनी रजिस्टरमध्ये एकेका तक्रारीसमोर लाल शाईनं लिहायला घेतलं: पुरावा नाही, निकाली. एक तक्रार तर त्यांच्या स्वतःच्या घरची होती. त्यांच्या पत्नी जगदेवीवहिनींनी स्वयंपाकघरातल्या पाइपाची टाकली होती. तीही निकाली! दोन दिवस त्यांच्या घरून फक्त भांड्यांचा आवाज येत होता.

पण लाल शाई सगळ्यात जड गेली ती बी-३०२ च्या चंद्रभागाबाईंना.

त्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात, बरोबर टाकीखाली. नवरा बंकटराव तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. डावी बाजू गेली, वाचा गेली. त्यांच्या खाटेवरच्या छताला ओल आली होती, गिलावा फुगला होता. खोली एकच, खाट हलवायला दुसरी जागा नाही. मुलगा पुण्यात. त्यानं दिवाळीला आईला चांगला मोठा फोन पाठवला, आणि तो वापरायला चंद्रभागाबाई अशा शिकल्या होत्या की विचारू नका. पदरानं कॅमेऱ्याची काच पुसून फोटो काढायच्या.

त्यांनी तक्रार टाकली. निकाली निघाली. पुन्हा टाकली. पुन्हा निकाली. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा अप्पांनी ग्रुपवर लिहिलं, "बी-३०२ यांनी पुराव्याशिवाय वारंवार तक्रार करून समितीचा वेळ घेऊ नये." खाली कुणीतरी हसरा चेहरा टाकला. मी काही टाकलं नाही, पण बोललेही नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी आम्हाला दोघांना गाठलं.

"अप्पा, फोटू धाडलाय की मी. तीनदा धाडला. हिरवी टिक आली."

"ताई, टिक आली असंल, फोटो आला न्हाई. माझ्याकडं रकाना कोरा हाय."

"कावून कोरा हाय? मंग मी खोटी हाय का?"

खोटी आहे असं म्हणायची अप्पांची हिंमत नव्हती आणि खरी आहे असं म्हणायला रकाना आडवा येत होता. मग चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या, "न्हाई तर मलाच जमंना झालंय. मलाच वाटाया लागलंय, आपुन धाडलाच न्हाई म्हून. लई दिवस झोप न्हाई, चुकलंही असंल." आणि वर निघून गेल्या. मला त्यांचं रागावणं सोसलं असतं. हे सोसलं नाही.

अप्पांनाही नसावं, कारण संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. "चला मॅडम, वर. प्रत्यक्ष पाहणी करू." पाच वर्षांत त्यांनी प्रत्यक्ष पाहणी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला.

छत खरंच फुगलं होतं, हात लावला तर पापुद्रा खाली आला. बंकटराव उजव्या हाताचं बोट वर करून दाखवत होते, जणू आम्हाला दिसत नसावं. अप्पांनी चंद्रभागाबाईंचा फोन मागितला. कपाटातून, कपड्यांच्या घडीखालून त्यांनी तो काढला. कालपासून वापरायचाच सोडला होता. आत छताचे तीन फोटो होते, तीन वेगवेगळ्या तारखांचे, इतके स्वच्छ की गिलाव्यातली वाळू मोजावी.

"फोटो तर हाय," अप्पा म्हणाले.

मग ते खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी प्रयोग मांडला. आपल्या जुन्या फोननं छताचा फोटो काढला, फॉर्म भरला, बटण दाबलं. हिरवी टिक. रकान्यात फोटो आला. चंद्रभागाबाईंच्या फोनवरून तोच फॉर्म, तेच छत. हिरवी टिक. रकाना कोरा. पुन्हा केलं. पुन्हा तेच. छत एक, फॉर्म एक, टिक एक.

"हा फॉर्म फोनची जात बघतो काय बे?" अप्पा फोनलाच विचारत होते.

मी म्हटलं, "नेट कमी असेल." मग नेट बदललं. कोरा. म्हटलं, "एकदा प्रत पाठवून बघा, व्हॉट्सअॅपवरून." चंद्रभागाबाईंनी तोच फोटो अप्पांना व्हॉट्सअॅपवर पाठवला, अप्पांनी तिथून उचलून फॉर्मला जोडला. आला! मूळ जात नाही आणि प्रत जाते. एकतीस वर्षांची नोकरी अप्पांच्या डोळ्यांसमोर उलटी टांगली गेली.

त्यांनी वीरेशला फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, फोटोची माहिती उघडा. किती एमबी लिहिलंय?"

"चार पॉइंट आठ."

"हां. सर्व्हरवर फोटोची मर्यादा दोनच एमबी हाय. मी बदलली न्हाई, ती आधीपासून असते. त्याच्यावरचा फोटो तो घेत न्हाई, बाकी लिहिलेलं घेतो. व्हॉट्सअॅप फोटो बारीक करून धाडतं, म्हणून तो जातो. जुन्या फोनचा फोटोच बारीक असतो."

"न्हाई घेत तर सांगत का न्हाई? टिक कशाला देतो?"

"फोटो आला का न्हाई ते तपासायचं मी लिहिलंच न्हाई मामा. मजकूर आला की टिक, एवढंच लिहिलं."

अप्पांनी फोन खाली ठेवला. ओरडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "सहपत्र न मोजता पोच दिली." आणि पुन्हा म्हणाले, "माझ्या नावानं."

नोटीस त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिली. पहिला मसुदा 'काही तांत्रिक कारणास्तव' असा सुरू झाला, तो त्यांनीच फाडला. मी सुचवलं, चूक फॉर्मची म्हणा, मोकळे व्हा. ते म्हणाले, "फॉर्मला कोण ओळखतं?" शेवटी ग्रुपवर गेली ती अशी:

"सर्व सभासदांस. दोन एमबीपेक्षा मोठा फोटो आपला फॉर्म घेत नाही, आणि तसे सांगतही नाही. हिरवी टिक दिसली तरी फोटो पोचलाच असे समजू नये. एक ऑगस्टच्या नोटिशीत मी मूळ फोटोच जोडा असे सांगितले, त्यामुळे ज्यांनी सांगितलेले ऐकले त्यांचेच फोटो गहाळ झाले. पुरावा नाही म्हणून निकाली काढलेल्या अकरा तक्रारी पुन्हा उघडल्या आहेत. आवक तारीख पहिलीच राहील. फॉर्म दुरुस्त होईपर्यंत फोटो व्हॉट्सअॅपवर मला साधा पाठवावा, डॉक्युमेंट किंवा एचडी करून नको, तसा तो मोठाच राहतो. मी पोच हाताने देईन. बी-३०२ यांनी फोटो तीन वेळा पाठवला होता. त्या खऱ्या होत्या. मी चुकलो. — वै. कोरे, सचिव."

या वेळी मी अंगठा दाखवला नाही. लिहिलं, "मीही."

रात्रीपर्यंत ग्रुपवर गोंधळच गोंधळ. एमबी म्हणजे काय, एचडी कुठे असतं, फोटो बारीक केला तर भेग दिसेल का, आमची टिक खरी का खोटी. अर्जुनरावांनी विचारलं, माझा फोटो आला होता तो आता जाईल का. अप्पा प्रत्येकाला उत्तर देत बसले. दुसऱ्या दिवसापासून दारोदार. वीरेशनं आठवड्यात फॉर्म बदलला. आता तो फोटो फोनमध्येच बारीक करतो, आणि फोटो गेला नाही तर लाल अक्षरांत तसं सांगतो.

अठ्ठावीस सप्टेंबरला आम्ही यादी घेऊन बिल्डरच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस गठ्ठ्यावर शिक्का मारायला निघाला, तसा अप्पांनी त्याचा हात धरला.

"मोजा."

"बरोबरच असंल की काका."

"मोजा म्हणलो."

त्यानं एकोणीस तक्रारी आणि एकोणीस फोटो मोजले, आकडा टाकला, सही केली.

घरी आल्यावर अप्पा चप्पलही न काढता बी-३०२ ला गेले. पोच दाखवली. चंद्रभागाबाईंना बारीक छापील अक्षर दिसत नाही. त्यांनी विचारलं, माझं कुठं हाय. अप्पांनी सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"छत दुरुस्त होईल ताई. मुदतीत दिलंय."

पण चंद्रभागाबाई छताबद्दल बोलत नव्हत्या. त्यांनी कागद धरून ठेवला होता.

"म्हंजी मी धाडला होता."

"धाडला होता. तीनदा."

त्या खाटेपाशी गेल्या, नवऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आवो, ऐकलं का? मी धाडला होता."