फाईल निघाली होती

क्षिप्रा मेस्त्री डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या एका छोट्या छापखान्यात अक्षरजुळणी करते. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, शाळेची स्मरणिका, कुणाचा कवितासंग्रह, जे येईल ते. वय एक्केचाळीस. माहेर-सासर दोन्ही कणकवलीकडचं, पण जन्म इथलाच. सोळा वर्षं या कामात आहे आणि या सोळा वर्षांत तिने सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य एकच: "अहो, मी पाठवलंय की!"

आधी ती कल्याणला एका प्रेसमध्ये होती. तिथे नवीन असताना एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. चौथ्यांदा. शाळेच्या आठवणी लिहिल्या होत्या त्यांनी, ऐंशी-नव्वद पानं. "फाईल मिळाली का? मिळाली का?" समोर दोन गिऱ्हाइकं उभी, दुसरा फोन वाजत होता. क्षिप्रा म्हणाली, "हो सर, मिळाली." तिला वाटलं, आली असेल कुठेतरी इनबॉक्समध्ये, संध्याकाळी बघू. आठ दिवसांनी शोधली तर नव्हतीच. मास्तरांना विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही मिळाली म्हणालात म्हणून मी मोबाईलमधून काढून टाकली. जागा राहिली नव्हती."

त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. निम्मं लिहिलं आणि सोडून दिलं. ते तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती अजून म्हणते. त्या दिवसापासून न दिसलेल्या फाईलला ती कधी "हो" म्हणाली नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. बाळकुमचे गोपीनाथ भोईर छापखान्यात आले, मुलगी कल्पिता सोबत होती. ती मानपाड्यालाच राहते, म्हणून हा छापखाना. गोपीनाथांची बायको सगुणा धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाणारी. हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, कुठेही लग्न निघालं की आधी सगुणाची तारीख विचारायचे. सगळं पाठ, कागदावर काहीच नाही. शेवटच्या आजारपणात गोपीनाथ तिच्या उशाशी बसून गाणी मोबाईलमध्ये टिपत गेले. ती गेल्यावर त्यांनी गाणी एकेक करून जुळवली. आता वर्षश्राद्धाला त्यांची पुस्तिका करायची होती. रविवारी कार्यक्रम.

कल्पिताने सगळी गाणी एका फाईलमध्ये घालून वडिलांच्या मोबाईलवर ठेवली होती. "एकदा वाचून बघतो, मग मीच पाठवतो," गोपीनाथ म्हणाले होते. "माझं काम हाय, मीच करणार."

मंगळवारी सकाळी छापखान्याच्या व्हॉट्सॲपवर त्यांचा निरोप आला: 'फाईल पाठवली आहे. गोपीनाथ भोईर.' खाली फाईल नव्हती. छापखान्याचे मालक साईनाथदादा सगळ्यांना टाकतात ते ठरलेलं उत्तर त्यांनाही गेलं: 'फाईल मिळाली नाही. परत पाठवा.' दुपारी पुन्हा निरोप आला, 'परत पाठवली.' पुन्हा तेच उत्तर. बुधवारी तिसऱ्यांदा.

गुरुवारी अकराच्या सुमारास फोन आला. साईनाथदादांनी घेतला, दोन वाक्यं ऐकली आणि रिसीव्हरवर हात ठेवून क्षिप्राला म्हणाले, "तो बाळकुमवाला. जाम तापलाय. हो म्हण आणि ठेव, संध्याकाळी त्याच्या मुलीकडून मागवून घेऊ."

क्षिप्राने फोन घेतला.

"तीनदा पाठवली!" गोपीनाथांचा आवाज एवढा मोठा की दादांनाही ऐकू येत होता. "तीनदा! तुमी लोक बघत नाय आनि मला परत पाठवा, परत पाठवा. मी काय खोटं बोलतो? रविवारी मानसं येतील, त्यांच्या हातात काय देऊ? माझा मोबाईल दाखवतो ना, गेली म्हनून!"

क्षिप्राने त्यांना पूर्ण बोलू दिलं. मध्ये "पण काका" म्हणायची उबळ आली होती, ती तिने दाबली. ते थांबले तेव्हा म्हणाली, "काका, मी क्षिप्रा. तुम्ही आलात तेव्हा मीच तुमच्याशी बोललेले, कागद कुठला घ्यायचा ते. तीनदा पाठवून तीनदा तेच उत्तर आलं, कुणालाही राग येईल. नीट फोन करून विचारायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं."

तिने छापखान्याचं व्हॉट्सॲप स्क्रीनवर उघडलं.

"आता माझ्यासमोर काय आहे ते सांगते. तुमचे तिन्ही निरोप आलेत. मंगळवारचे दोन, कालचा एक. फाईल मात्र एकाही निरोपासोबत नाहीये. मेलमध्येही बघितलं, तिथेही नाही."

"म्हंजे मी पाठवलीच नाय असं—"

"नाही काका, तसं मी म्हणत नाही. तुमच्याकडून निघाली असेल. माझ्यापर्यंत पोचलेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मध्ये कुठे राहिली ते आपण दोघं मिळून शोधू. पाच मिनिटं आहेत तुमच्याकडे?"

"टिक आली हाय," ते म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता. "फाईलच्या बाजूला टिक हाय. मी बघितली."

"एक की दोन?"

"एक."

क्षिप्राला इथे पहिला धागा सापडला. एक टिक म्हणजे यांच्या मोबाईलवरून निघाली, पण जिथे जायची त्या मोबाईलवर उतरली नाही. छापखान्याचा फोन तर दिवसभर चालू असतो. त्यांचे निरोपही लगेच आले होते. म्हणजे ही टिक छापखान्याच्या खात्यातली नव्हतीच. फाईल दुसऱ्याच कुणाकडे गेली होती. तिला हे कळलं, पण तिने ते लगेच बोलून दाखवलं नाही. रागावलेल्या माणसाला 'तुम्ही चुकीच्या ठिकाणी पाठवलीत' असं ऐकवण्यापेक्षा त्याला स्वतःला दिसलेलं बरं.

"काका, फोन कानापासून काढा आणि स्पीकर चालू करा. मग व्हॉट्सॲप उघडा. फोन कट होणार नाही, मी इथेच आहे."

खुडखुड झाली. "हां. उघडला."

"जिथे ती टिक दिसते, तिथे जा. फाईल दिसली का?"

"हाय ना. ही काय. 'सगुणाचे धवले'. खाली परत. परत. तीन हायेत."

"बरोबर. तुम्ही तीनदा पाठवलीत, खरंच पाठवलीत. आता सगळ्यात वर, पट्टीवर, नाव काय लिहिलंय तेवढं मला वाचून दाखवा."



क्षिप्राला वाटलं, फोन कट झाला. पण मागे कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू आली. फोन चालू होता.

"काका?"

"सगुणा," गोपीनाथ म्हणाले.

क्षिप्राने समोरचं काम थांबवलं.

मग गोपीनाथच हळूहळू सांगायला लागले. गाणं टिपून झालं की ते सगुणाच्या नंबरवर पाठवायचे, ती वाचून चूक सांगायची. ती गेल्यावरही सवय गेली नाही. एक गाणं नीट लावून झालं की पाठवायचे. तिचा मोबाईल कपाटात बंद करून ठेवलाय. नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून रिचार्ज मात्र चालू ठेवलाय. आणि मोबाईलचं असं, की ज्याला रोज पाठवता त्याचं नाव तो यादीत सगळ्यात वर आणून ठेवतो. 'शेअर' दाबलं, वर जे नाव आलं त्यावर बोट टेकवलं. चष्माही नव्हता डोळ्यावर.

"तीनदा तिलाच पाठवली मी," ते म्हणाले. "आनि तुमाला बोललो."

"त्यात काय काका. तुम्ही पाठवली होती, हे तर खरंच निघालं." कामाचं बोलणं अर्धवट राहिलं असतं तर माणूस तसाच हळहळत बसला असता. "आता एकच पायरी राहिली. त्या फाईलवर बोट दाबून ठेवा. वर एक बाण येईल, उजवीकडे तोंड असलेला. तो दाबा. आता यादीत आमचं नाव शोधा. कशाने ठेवलंय?"

"छापखाना."

"त्यावर बोट टेका. पाठवायच्या आधी नाव एकदा वाचा."

"छा-प-खा-ना," त्यांनी शाळेतल्या पोरासारखं वाचलं.

क्षिप्राच्या समोरच्या स्क्रीनवर फाईल उतरली. तिने "मिळाली" म्हणण्याआधी ती उघडली. पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान पाहिलं, अक्षरं फुटलेली नाहीत ना ते बघितलं. मग म्हणाली, "आली काका. उघडली, वाचता येतेय. पहिलं गाणं हळदीचं आहे, शेवटचं पाठवणीचं. बरोबर? तुमच्या मोबाईलमधली मात्र काढू नका, पुस्तिका हातात येईपर्यंत राहू द्या."

"बराबर," गोपीनाथ म्हणाले. मग थोडं थांबून, "मी वरडलो, त्याचं..."

"रविवार जवळ आलाय ना. उद्या सकाळी या प्रूफ बघायला."

 फोन ठेवल्यावर साईनाथदादांनी मोबाईलमधलं ते ठरलेलं उत्तर उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे जरा नीट लिहून दे. माणसासारखं."

शुक्रवारी सकाळी गोपीनाथ चष्मा लावून आले. येताना फणसाचे गरे आणले होते, कल्पिताच्या डब्यात. प्रूफची पानं घेऊन ते खुर्चीत बसले आणि ओठ हलवत वाचायला लागले. एका ठिकाणी क्षिप्राने 'पानी'चं 'पाणी' केलं होतं. "ती असं बोलत नव्हती," ते म्हणाले. क्षिप्राने तिथल्या तिथे सगळीकडे 'पानी' केलं.

शेवटचं पान उलटून ते थांबले. "एक कमी हाय."

"नाही काका, सगळी घेतलीयेत. मी फाईलमधून एकदमच उचलली."

"बत्तीस गानी. हितं एकतीस. पाठवनीची दोन हायेत, एक आईनं म्हनायचं आनि एक करवलीनं. करवलीचं नाय हितं."

"फाईलमध्ये जेवढी होती तेवढी सगळी—" क्षिप्रा बोलता बोलता थांबली. आपल्याच तोंडून काय निघतंय ते तिला ऐकू आलं.

गोपीनाथ तिच्याकडे बघत होते. चिडले नव्हते. "तुमी घेतली असनार," ते म्हणाले. "कुठंतरी राहिली असंल. बघूया ना दोघं."

त्यांनी खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली. क्षिप्राने स्क्रीनवर शेवटचं पान मोठं केलं. मजकुराच्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात बारीकसं लाल अधिकचं चिन्ह होतं. चौकट भरली की उरलेला मजकूर मागे दडून राहतो आणि त्याची एवढीच खूण उरते. घाईत तिच्या नजरेतून ती सुटली होती.

"चूक माझी," ती म्हणाली. तिने एक नवीन पान जोडलं. करवलीचं गाणं सरकत खाली आलं, बारा ओळींचं.

गोपीनाथांनी ते पुढे वाकून वाचलं. दुसऱ्या ओळीपासून त्यांच्या वाचण्याला चाल लागली, त्यांच्याही नकळत. साईनाथदादांनी आतलं मशीन थोडा वेळ बंद केलं.