दाणे

सासूबाई माझ्या लेकीच्या अंगावरचे दाणे फोडायच्या. आंघोळ झाली की तिला मांडीवर घ्यायच्या, हात वर करायला लावायच्या आणि काखेतला एकेक दाणा दोन नखांच्या चिमटीत धरून दाबायच्या. आतून भातासारखं पांढरं काहीतरी बाहेर यायचं. ते त्या टॉवेलला पुसायच्या आणि त्याच टॉवेलनं पोरीची पाठ पुसायच्या. पुढं तो टॉवेल ओलाच खुंटीला. नवराही त्यानंच तोंड पुसायचा. मला सकाळचा चहा जायचा नाही.

पोर सहा वर्षांची. आधी काखेत दोन-तीन मोत्यासारखे फोड होते, मधोमध खळगी असलेले. सासूबाई लोह्याहून नांदेडला आमच्याकडं राहायला आल्या आणि हा कार्यक्रम सुरू झाला. थोड्याच दिवसांत दंडावर, बरगडीवर, पोटावर दाणेच दाणे. मला शिसारी यायची. पोटच्या पोरीच्या अंगाची शिसारी येते म्हणून स्वतःचा संताप यायचा, आणि तो सगळा मी टॉवेलवर काढायची.

"चामखीळच हाय ती," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या बोटाला लई मोठी होती. देवीला मीठ वाहिलं, गळून पडली. हिच्या नावानं पन वाहून आले. तवर काढून राहिले, तर तुला काय तरास?"

मी पोरीला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरबाईंनी भिंगातून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फोडतं कोण?" मी शेजारी बसलेल्या सासूबाईंकडं बघितलं. त्या छताकडं बघत होत्या.

"ही चामखीळ नाही, मोलस्कम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही विषाणूमुळंच होतात, पण विषाणू वेगळे. पसरायची रीत मात्र सारखीच. कातडीला कातडी लागून, खाजवून, एकमेकांच्या टॉवेलानं. त्या पांढऱ्या चिकात विषाणू ठासून भरलेला असतो. फोडून पुसलं म्हणजे अंगभर पेरलं."

मी विचारलं, औषध काय? जाळून टाका, कापून टाका, काहीही करा, पण घालवा. त्या हसल्या. "काही करू नका. हा विषाणू कातडीच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही, म्हणून शरीराला त्याचा पत्ता उशिरा लागतो. लागला की शरीरच त्याला हाकलतं. काही महिने जातील, कधी वर्षाच्या वरही. जायच्या आधी दाणे लाल होऊन सुजतात. तेव्हा घाबरू नका, ते बरं व्हायचं लक्षण. पुष्कळशा चामखिळीही अशाच आपोआप जातात."

"मंग माझं मीठ?" सासूबाई म्हणाल्या.

"मिठाच्या वेळेलाच शरीर जागं झालं असेल, आजी."

पोरीला मी वेगळा टॉवेल आणला. दाणे बाहीखाली झाकले, नखं कापली, सासूबाईंचीही. त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. "सगळे जातील," मी पोरीला रोज सांगायची, "हात नाही लावायचा, आपोआप जातील." ती शहाण्यासारखी हात मागं बांधून बसायची.

काही महिन्यांनी दाणे लालबुंद झाले. मी पोरीला म्हटलं, आता निघाले बघ. सासूबाईंनाही परत सगळं समजावलं, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते. त्यांनी मान हलवून "हाव" म्हटलं. मी शाळेत शिकवायला गेले.

संध्याकाळी दार उघडलं तर घरभर उग्र, जळका वास. पणती अजून जळत होती. शेजारी सुईवर टोचलेला, कातडं जाळणाऱ्या तेलाचा बिबा. पोर कॉटखाली शिरून रडत होती, आणि तिच्या बरगडीवर पाण्यानं टरारलेला फोड, भोवतीचं कातडं काळं.

"पिकून राहिले होते ते," सासूबाई म्हणाल्या. "एकालाच लावला गं. दुसऱ्याला लावूच देईना, वरडाय लागली." त्यांच्या बोटांना बिब्याचं तेल लागलं होतं. त्या ते पदराला पुसत होत्या. आधी मोरीत जाऊन ओकले, मग पोरीला घेऊन तसंच दवाखान्यात. नवरा मागाहून आला आणि म्हणाला, आईनं मायेनंच केलं. त्या मायेचीसुद्धा मला किळस आली, आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलं.

पुढच्या काही आठवड्यांत दाणे सुकले, खपल्या धरल्या, गळून गेले. काख कोरी, दंड कोरा, पोट कोरं. कुठं होते हेही आता सांगता येणार नाही. सासूबाई गल्लीभर सांगत फिरतात, मीठ लागू पडलं.

परवा आंघोळ घालताना पोरीनं बरगडीवरच्या त्या काळ्या, आवळलेल्या डागावर बोट ठेवलं, आणि पटकन काढून घेतलं.

"आई, मी ह्याला पण हात लावत नाही," ती म्हणाली. "हा कधी जाणार?"

मी तिच्या अंगावर पाणी ओतत राहिले.