पस्तीस किलोचं पोतं

आमच्या घरातल्या सगळ्या मुलांची गणितं माझ्याच मोबाईलवर येऊन पडत. मी यवतमाळला एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर, म्हणजे बेरीज-वजाबाकी हिला यायलाच पाहिजे, असा सगळ्यांचा समज. दिराचा मुलगा नफा-तोटा पाठवायचा, शेजारणीची नात घड्याळाचे काटे. फोटो बहुतेक असे, की निम्मं गणित आणि निम्मा अंगठा. मी आधी ओरडायचे, मग सोडवून द्यायचे. ओरडल्याशिवाय मला गणित सुचत नाही, हे घरात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

बोंडअळीच्या त्या वर्षी, थंडी सरत आली असताना, एका संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती राळेगावकडच्या एका गावात दिलेली, घरचा कापूस आणि तूर. मी ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होते, रात्री सोलेभात करायचा बेत होता.

"ताई, पोरगी उद्यापासून शाळेत जात नाही म्हणते."

"काहून? ताप आला का?"

"ताप नाई, गणित आलं. उद्या फळ्यावर तिची पाळी आहे. मागच्या बारीले चुकली तं वर्ग हसला. आता म्हणते, मी वावरात येतो तुह्यासंगं, पण शाळेत जात नाई. अन् हिचे बाबा म्हणते, राहू दे, वेचाले हात लागते."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी शेंगा बाजूला सारल्या. भाची सातवीत होती. एका दिवसाची दांडी असती तर मी हसून सोडलं असतं. पण त्या दिवसांत मजूर मिळत नव्हते आणि अळीनं पोखरलेली बोंडं वेचायला दुप्पट वेळ लागत होता. अशा घरात पोरगी एकदा वावरात गेली, की तिला परत शाळेत धाडायची घाई कोणालाच नसते. कोणी वाईट नसतं, नुसतं राहून जातं. मला बहिणीचा राग आला, तिच्या नवऱ्याचा आला, त्या हसणाऱ्या वर्गाचा तर फारच आला.

"गणिताचा फोटो पाठवाले सांग तिले," मी म्हणाले.

फोटो आला. तिरपा, अंधारा, आणि नेमका आकड्यावर अंगठा. मी परत काढायला लावला. तिच्या घरी पुढच्या खोलीत कापूस छतापर्यंत रचलेला, आणि मोबाईलला रेंज फक्त त्या ढिगावर चढून खिडकीपाशी बसलं की यायची. पोरगी तिथेच बसून अभ्यास करायची आणि रात्रभर अंग खाजवायची. दुसरा फोटो मात्र स्वच्छ आला. गणित असं होतं:

एका शेतकऱ्याने पहिल्या वेचणीत १८ पोती कापूस वेचला. दुसऱ्या वेचणीत पहिल्या वेचणीच्या दोन तृतीयांश पोती निघाली. प्रत्येक पोत्यात ३५ किलो कापूस आहे. तर दोन्ही वेचण्यांत मिळून किती क्विंटल कापूस झाला?

"तुह्यं उत्तर किती आलं?" मी भाचीला विचारलं.

"सातशे चौदा किलो." आवाज असा, की पलीकडे कोणी रडून नुकतंच तोंड धुतलं आहे.

मी सातशे चौदाकडे पुढून पाहिलं, मागून पाहिलं. इतकी वर्षं मी लोकांच्या चुका शोधायचाच पगार घेत होते, पण हा आकडा कुठल्या बिळातून निघाला ते काही केल्या कळेना. माझा असा स्वभाव, की चूक सापडली नाही तर मला जेवण जात नाही.

"आपण दोघी मिळून करू. सगळं गणित एकदम वाचू नको. पहिल्या ओळीखाली पट्टी धर, खालचं झाकून टाक. काय दिसते?"

"अठरा पोती. पहिली वेचणी."

"झालं, ते लिहून ठेव. पट्टी खाली घे. आता?"

"दोन तृतीयांश."

"याचं तू काय केलं होतं?"

"अठराले दोननं भागलं, मग तीननं. तीन आले."

चुकीचा एक पाय तरी हाती लागला. मी तिला फोन मांडीवर ठेवायला सांगितला. "तू कापसावरच बसली आहे ना? अठरा बोळे काढ. एक बोळा म्हणजे एक पोतं. खाली तीन आहे, म्हणून तीन सारखे ढीग लाव."

पलीकडून मोजण्याची पुटपुट आली. "सहा-सहाचे झाले."

"हा एकेक ढीग म्हणजे एक तृतीयांश. वर दोन आहे, म्हणजे असे किती ढीग घ्यायचे?"

"दोन." मग मोजून, "बारा. मावशी, बारा पोती."

"अन् तू तीन म्हणत होती. दुसरी वेचणी पहिलीपेक्षा कमी आली हे खरं, पण अठराची तीन येईल इतकी कमी का?"

"यंदा आमची तशीच आली," ती म्हणाली. मला हसू आलं, तिलाही आलं. बोंडअळीवर हसण्यासारखं काही नव्हतं, पण आम्ही हसलो.

अठरा आणि बारा तीस, हे तिनं मी विचारायच्या आधीच सांगितलं. आता फक्त गुणाकार राहिला होता. मी सोलेभाताचा तांदूळ धुवायला उठले सुद्धा.

"तीस पोत्यांचा कापूस किती?"

"एक हजार वीस किलो."

मी तांदूळ तसाच ठेवला. "पस्तीस गुणिले तीस कर. मोठ्यानं."

"पस्तीस त्रिक एकशे पाच, वर शून्य. एक हजार पन्नास."

"मग वीस काहून म्हणून राह्यली तू?"

"वीसच येते ना."

"आत्ता तूच पन्नास म्हटलं."

"गुणाकार पन्नासच येते. उत्तर वीस येते."

इथे माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवणार होते, खरं म्हणजे चढवलाच थोडा. मग सुचलं की हिला दुसऱ्या तऱ्हेनं विचारावं. "बरं, एका पोत्याचंच सांग. पुस्तकात पस्तीस किलो दिलं आहे. तू किती धरलं?"

"चौतीस."

"कायले?"

"एक किलो कडता." तिनं हे अशा सुरात सांगितलं, जसं काही मीच आज नवीन जन्मले. "तो व्यापारी घरी येते ना कापूस घ्याले, तो पोत्याचं वजन आधीच काढून टाकते. मग काट्यावर पस्तीस भरलं का चौतीस लिहिते. एक किलो ओलीचा कापते. सगळ्याइचाच कापते."

आता सातशे चौदा लख्ख दिसला. अठरा आणि तीन एकवीस, त्याला चौतीसनं गुणलं. पोरीचा गुणाकार एका ठिकाणीही चुकला नव्हता. वजनाच्या प्रत्येक गणितात ती इमानदारीनं कडता कापत आली होती, आणि मास्तर बिचारे, साठ वह्या तपासायच्या म्हटल्यावर, लाल शाईत 'पाढे पाठ कर' लिहून पुढे जात होते. पाढे तर तिला माझ्यापेक्षा चांगले येत होते. मला तिचा इतका लाड आला, की ती समोर असती तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला असता.

पण उद्या फळ्यावर एक हजार वीस लिहून चालणार नव्हतं. आणि कडता चूक आहे असं तरी मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? तिच्या घरात तो रोज कापला जात होता.

"शेवटची ओळ वाच," मी म्हणाले. "काय विचारलं? किती विकला, का किती झाला?"

"किती कापूस झाला."

"या शेतकऱ्याच्या घरी व्यापारी आला, असं कुठं लिहिलं आहे का?"

ती शोधत होती, मला पानाचा आवाज येत होता. "नाई."

"मग अजून कोणी काटा लावला नाही. कापूस घरातच आहे, तू बसली आहे तसा. पोत्यात पस्तीस आहे तं पस्तीस. गणितात जे सांगितलं नाही, ते आपल्या मनानं कापायचं नाही."

"अन् कडता असला तं सांगतील?"

"सांगतील. पोत्यामागे एक किलो वजा केला, असं लिहितील. मग काप."

"म्हणजे पुस्तकात न सांगता कोणी कापत नाई?"

"नाही," मी म्हणाले.

शेवटची पायरी तिनं एकटीनं केली. शंभर किलोचा एक क्विंटल, म्हणून एक हजार पन्नासला शंभरनं भागलं, साडेदहा क्विंटल. मी तिला सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं, पट्टी सरकवत, जणू मी फळ्यासमोरचा वर्ग आहे. दोन तृतीयांशापाशी ती अडली, बोळे मोजले, पुढे गेली. दुसऱ्यांदा अडली नाही. मग बहिणीनं फोन घेतला आणि कुजबुजत विचारलं, "जाईल का?" मी म्हटलं, "मले काय माहीत, तिलेच विचार." सोलेभात त्या रात्री गिचका झाला आणि घरच्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी तिचाच फोन आला.

"गेलती का?"

"गेलती. फळ्यावर केलं. सरांनी विचारलं, बारा कशी आली, तं मी तीन ढीग काढून दाखवले. मग सरांनी दुसऱ्या एकीले पण मलेच समजावून द्याले लावलं."

मी इतकी खूश झाले, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंसाठी उगाचच चहा मागवला. पण पोरगी फोन ठेवेना. आवाज बारीक करून म्हणाली, "मावशी, आज व्यापारी आलता. खोली रिकामी झाली. मी आईले विचारलं, यंदा पहिल्यापासून किती पोती गेली. एकशे पाच गेली."

"बरं."

"मंग मी कडत्याचं गणित केलं. एका पोत्याचा एक किलो, तं एकशे पाच किलो. त्याले पस्तीसनं भागलं. तीन पोती भरली. आई दिवसभर वाकून वेचते तेव्हा एक पोतं होते. म्हणजे तीन दिवस तिनं त्याच्यासाठीच वेचलं. अन् आमचा कापूस तं वाळलेला होता, ओला नवताच."

कचेरीतून लोक घरी निघाले होते. कोणीतरी मला पंखा बंद करायला सांगून गेलं.

"मावशी, बरोबर आलं का गणित?"

मी मनातल्या मनात परत एकदा भागून पाहिलं. कुठे काही चुकलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "बाबांलेही दाखव."