ओळीतलं गाणं

उद्‌घाटनाची भाषणं मला सोसवत नाहीत. त्या दिवशी रत्नागिरीच्या आमच्या वाचनालयात मी गेले ती फक्त मावशीसाठी. मंडणगडच्या खेड्यातली माझी मावशी भातलावणीची गाणी म्हणते, आणि वाचनालयाने गावोगावची गाणी ध्वनिमुद्रित करून जो संग्रह उभा केला, त्यात तिचा आवाज आहे.

भात लावताना बायका ओळीने वाकतात. एक जण गाण्याची ओळ सांगते, बाकीच्या ती उचलतात. सांगणारी मध्येच घरचं दुखणंही गाण्यात घालते. पण ओळीतलं ओळीतच राहतं, बांधावर चढलं की त्याचा विषय कोणी काढायचा नाही. ग्रंथपालबाई यंत्र घेऊन चिखलात उतरल्या होत्या, तेव्हा मावशीने भरात, त्या दिवशी शेतावर न आलेल्या जावेवर चार ओळी घातल्या. नंतर बाईंनी घरी येऊन त्या ओळीतल्या बायकांना ते ऐकवलं आणि एकेकीची संमती पुन्हा विचारली. मावशी घाबरली. "ह्यां कोनाला ऐकवू नका गो बाय," म्हणाली.

आणि आता तीच जाऊ मावशीच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, नवी साडी नेसून. प्रमुख पाहुण्यांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं. ते माइकवरून म्हणाले, "मंडणगडचं लावणीचं ते गाणं सर्वांत उत्तम आहे म्हणे, तेच लावा!" टाळ्या पडल्या. मावशीने पदर तोंडाशी धरला. मला पाहुण्यांचा अस्सा राग आला!

मग ग्रंथपालबाई बोलायला उठल्या. "मूळ ध्वनिमुद्रण आम्ही कापत नाही," त्या म्हणाल्या. "खोकला, पाऊस, कोंबडी, सगळं तसंच. त्याच्या प्रती वेगवेगळ्या इमारतींत ठेवतो, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. गाण्यासोबत गाव, प्रसंग, ते कोणाकडून शिकलं, हे लिहितो. आणि ते कोणी ऐकावं, हे गाणारी ठरवते. साहेबांनी मागितलेलं गाणं बंद आहे. ते मलाही लावता येणार नाही."

पाहुणे ओशाळं हसले. बाईंनी शांतपणे दुसऱ्या गावचं गाणं लावलं. एवढ्या लोकांसमोर, तेही पाहुण्यांना, इतकं सरळ नाही म्हणणारं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

चहाच्या वेळी जाऊ उठून थेट बाईंकडे गेली. मावशीचा कप हातातच राहिला.

"माजी पन गानी भरून घ्या," जाऊ म्हणाली. मग तिने मागोमाग येऊन उभ्या राहिलेल्या मावशीकडे वळून पाहिलं. "आनि हिच्या गान्याशेजारीच बंद करून ठेवा. मी काय हिच्यावर कमी गानी घातलीत?"

मावशी आधी दचकली. मग तिला इतकं हसू फुटलं, की चहा साडीवर सांडला. जावेच्या नव्या साडीवर.