अण्णांचं धुराडं

ओतशाळेच्या प्रशिक्षण विभागात साचे शिकवणाऱ्या बाईला पोरं पाठीमागे साचेबाई म्हणायची. तोंडावर नुसतंच ‘बाई’. तिलाही ते ठाऊक होतं. आपल्याला याहून वाईट नाव मिळू शकलं असतं, या हिशेबानं ती गप्प होती.

साचेबाईला हा धंदा सासऱ्यांनी शिकवला. अण्णा म्हणजे उभा जन्म वाळूत घालवलेला माणूस. बोटांची टोकं भाजून भाजून इतकी निबर झालेली की चहाचा कप ते कानाला नाही, थेट बुडाला धरायचे. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारा तिरसट आहे. पुढे कळलं, म्हातारा तिरसट आहेच, पण शिकवताना तेवढा नाही.

म्हणून विभागाच्या साहेबानं शिकाऊ पोरांसाठी मराठीत पुस्तिका काढायचं ठरवलं, तेव्हा ती कोशबिशांच्या वाटेला गेलीच नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद मांडायची आणि समोर अण्णांना बसवायची.

“स्प्रूला काय म्हणायचं, अण्णा?”

“घसा. वरचं ते तोंड, तिथनं धातू ओतायचा. मग घसा. आणि घसा खाली निमुळता, हे लिही. वरखाली सारखा ठेवला की धातू हवा गिळत जातो, मग ओतलेल्या सगळ्या नगाला फोड.”

“पार्टिंग लाईनला मी सांधरेघ लिहिलंय.”

“खोड ते. सांधा म्हटलंस की पोरं तिथं चिकटवायला बघतील. साच्याची वरची पेटी खालच्या पेटीवरून अलगद सुटायला हवी, म्हणून तर आपण तिथं कोरडी भुकटी मारतो. फुटीची रेघ म्हण.”

तिनं खोडलं. कोअरला त्यांनी पोटगोळा म्हटलं तेव्हा मात्र तिला हसू आवरेना. “हसायला काय झालं? नगाच्या पोटात पोकळी हवी, म्हणून भाजलेल्या वाळूचा गोळा पोटात ठेवायचा. ओतून झालं की फोडून काढायचा. तुझ्या त्या साहेबाला दुसरं सुचत असेल तर सांग म्हणावं.”

साहेबाला दुसरं काही सुचलं नाही. उलट तो खूश झाला. पहिल्या पानावर ‘शब्द : अण्णा, जुने साचेकार’ असं छापू, असं त्यानंच सुचवलं. हे घरी सांगितलं त्या दिवशी जेवताना अण्णांनी मागून दुसऱ्यांदा भात घेतला. हजेरीपटावर नाव, पगारपत्रकात नाव, एवढंच आजवरचं नाव. छापील पानावर पहिल्यांदाच येणार होतं.

रायझरला अण्णांनी शब्द दिला होता धुराडं. ‘साच्यातली हवा नि धूर वर जायची वाट. यातून धातू वर दिसला की साचा भरला असं समजावं.’ साचेबाईनं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. चित्रासारखा शब्द, पोरांच्या डोक्यात चटकन बसेल असा.

छपाईआधी कच्चे कागद पोरांच्या हातात द्यायचे आणि बाईनं तोंडाला कुलूप लावून बाजूला उभं राहायचं, ही तिचीच अट होती. पुस्तिका एकटी शिकवू शकते का, ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. नग होता पोलादी झडपेचा. एका अंगाला जाड गड्डा, दुसरीकडे पातळ भिंत. दुसऱ्या वर्षाच्या पोरीनं साचा बांधला. घसा निमुळता, फुटीच्या रेघेवर भुकटी, पोटगोळा नीट टेकवलेला. बाई मनातून फुगली. मग पोरीनं धुराडं म्हणून पातळ भिंतीच्या टोकाला बोटाएवढं लांबट भोक पाडलं. बाईचा हात पुढे झाला, आणि तिनं तो पदराच्या टोकात गुंडाळून धरला. अट म्हणजे अट.

ओतलं. निवलं. वरून नग आरशासारखा. साहेब म्हणाला, कापा. करवतीनं जाड गड्डा मधोमध उघडला, तर आत किडक्या दातासारखं वेडंवाकडं भगदाड.

“धुराडं एवढुसं आणि भलत्याच जागी?” साहेब पोरीवर घसरला. “वर्षभर झोपा काढल्यास काय? हा नग तुझ्या नोंदीत नापास म्हणून जाणार.”

पोरगी रडली नाही. कागद पुढे केला. “इथं लिहिलंय धूर जायची वाट. धूर जायला केवढी वाट लागते, सर? आणि ती कडेला असली तर काय बिघडलं?”

साचेबाईनं कागद हातात घेतला. पोरीनं जे वाचलं तेच केलं होतं. पोलाद गोठताना आकसतं. सगळ्यात शेवटी गोठतो तो जाड भाग, आणि तो भुकेला राहिला तर आत पोकळी पडते. म्हणून रायझर जाड हवा, जाड भागाला भिडलेला हवा, आणि नगाच्याही मागून गोठणारा हवा, म्हणजे तो आपल्यातला पातळ धातू खाली देत राहतो. हे तिला येत होतं. वरच्या वर्गाला तोंडानं शिकवतही होती. कागदावर मात्र अण्णांचा शब्द आला आणि तिनं पुढचा विचारच केला नाही.

“तिच्या नोंदीत काही लिहू नका,” ती म्हणाली. “कागद चुकलाय.”

“मग सोमवारपर्यंत सुधारा. छापखाना थांबणार नाही.”

घरी अण्णा ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. तिनं कापलेला अर्धा तुकडा पिशवीतून काढून त्यांच्यापुढे ठेवला. अण्णांना आता धड दिसत नव्हतं. त्यांनी भगदाडात बोट घातलं, फिरवलं.

“कुणाचा?”

“आमच्याकडच्या पोरीचा. पण अण्णा, धुराडं वाचून केला तिनं.”

“माझ्या धुराड्यानं कधी नग गेला नाही. कारखान्यात विचार.”

“तुमच्या कारखान्यात बीडाचं लोखंड ओतायचे, अण्णा. बीड गोठताना थोडं फुगतं, आपलं आपण भरून काढतं. आणि तुमचे नग पातळ. तिथं धूर गेला की भागायचं. हे पोलाद आहे. त्याला खायला घालावं लागतं.”

अण्णांचं बोट भगदाडात तसंच राहिलं. “म्हणजे मी जन्मभर चुकीचं बोललो.”

“असं कुठं म्हणाले मी?”

“म्हणाली नाहीस. तुकडा आणून ठेवलास.”

ती खाली बसली. “शब्द तुम्हीच बदलून द्या. पोलादाला पुरवतो, पोसतो, असं काहीतरी. तुमच्या तोंडचा असला की पोरांच्या डोक्यात बसतो.”

“पोलाद मी ओतलेलं नाही,” अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच तिला भय वाटलं. “ज्याला कधी हात लावला नाही, त्याचं नाव मी ठेवू? धुराडं काढ. आणि पहिल्या पानावरचं माझं नावही काढ.”

“बाकीचे शब्द तुमचेच आहेत की, अण्णा. घसा आहे, फुटीची रेघ आहे.”

“ते वापर. वापरायला कोण नको म्हणतंय? पण खाली नाव असलं की उद्या पोरगं हात भाजून घेईल आणि म्हणेल, अण्णांनी सांगितलं होतं.”

नवरा कामावरून आला, तर घरात सामसूम. काय झालं म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, “काही नाही. शेंगा किडक्या निघाल्या.”

सोमवारी साचेबाईनं धुराडं खोडलं आणि त्या जागी रायझर तसाच ठेवला. खाली लिहिलं, ‘नग गोठताना त्याला पातळ धातू पुरवणारा जाड साठा. जाड भागाला भिडलेला असावा. सगळ्यात शेवटी गोठावा.’ धुरासाठी बारीक भोकं वेगळी, हेही घातलं. पोसणा, पुरवठी असले शब्द तिनं मागच्या कोऱ्या पानावर लिहून पाहिले. एकही तोंडात बसेना. शेवटी साहेबाकडे जाऊन पहिल्या पानावरचं नाव काढायला सांगितलं. साहेब म्हणाला, एका शब्दासाठी? तिनं मान हलवली. समजावत बसण्याचं त्राण नव्हतं.

त्याच पोरीकडून नवीन कागदावर नग पुन्हा करून घेतला. या वेळी जाड गड्ड्यावर मुठीएवढा रायझर. ओतल्यावर त्याचा माथा हळूहळू खचत गेला, वाटीसारखा खोल. कापला तर आत नग भरीव.

संध्याकाळी अण्णांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, “त्या पोरीचं काय?”

“पास झाली. रायझर वरून खचला, नग शाबूत.”

“हं.” दोन घास झाले. “नाव काढलंस?”

“काढलं.”

तिनं दुसऱ्यांदा भात पुढे केला. अण्णांनी ताटावर हात आडवा धरला.