शेजारच्या फाइलीतली मुलं

डहाणूच्या आमच्या संस्थेच्या ऑफिसात ॲपची काही कटकट निघाली, की गावांतल्या कार्यकर्त्या आधी तिलाच शोधायच्या. ती म्हणजे माझी सहकारी, तलासरीच्या उधव्याची, माझ्या बऱ्याच मागून आलेली. मुलांच्या वजनांच्या नोंदींचं ते ॲप मी लिहिलेलं, त्याचा डेटाबेस मी बांधलेला. पण बायका आत आल्या की मला नुसती मान हलवायच्या आणि सरळ तिच्या खुर्चीशी जायच्या. ती त्यांच्याशी वारलीत बोलायची, हसायची, चहा सांगायची. मला वारली येत नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा, आणि तो दिसू नये म्हणून मी स्क्रीनकडे उगाच गंभीरपणे बघत बसायचे.

दिवाळीनंतर एकदा सायवनकडची कार्यकर्ती आली, ती रडवेली होऊनच. आठवडाभर पाड्यापाड्यांवर फिरून तिने वजनं भरली होती. तिथे रेंज नसते, म्हणून ॲप नोंदी फोनमध्येच ठेवतं आणि रेंज आली की वर पाठवतं. या वेळी ‘पाठवा’ दाबलं की लाल पट्टी येत होती. आणि त्यातली निम्मी कुटुंबं मधल्या काळात वीटभट्टीवर निघून गेली होती. पुन्हा वजन करायला मुलं सापडणारच नव्हती.

“गेल्या का ताई सगल्या नोंदी?” तिने विचारलं. मला नाही, माझ्या सहकारीला.

कार्यकर्त्यांच्या फोनवर अजून चाचणीचं ॲप होतं, त्यामुळे फोन केबलने लॅपटॉपला जोडला की त्याच्या आतलं आम्हाला बघता यायचं. सहकारीने फोनमधल्या फाइली दाखवणारा डिव्हाइस एक्सप्लोरर उघडला, आमच्या ॲपच्या फोल्डरात जाऊन डेटाबेसची फाइल लॅपटॉपवर उतरवली आणि उघडली. मागच्या फेरीची मुलं होती. या आठवड्याचं एकही नव्हतं.

“सेव्हच झालं नाही,” ती हळू आवाजात मला म्हणाली. “ॲप काढून परत टाकते. निदान पुढचं तरी जाईल.”

ॲप काढलं की त्याच्या आतलं सगळं पुसलं जातं. ते कळत असूनही माझ्या मनात आधी लाडू फुटले. ती चुकली होती, आणि ते फक्त मलाच कळलं होतं.

“हात लावू नकोस,” मी म्हणाले. “फोल्डरात परत बघ. एकच फाइल आहे का?”

नव्हती. त्याच नावाच्या अजून दोन होत्या, त्यातल्या एकीच्या शेवटी ‘wal’ लिहिलेलं. नव्या नोंदी आधी या शेजारच्या फाइलीत जातात आणि मग सवडीने मुख्य फाइलीत. तिने एकटी मुख्य फाइलच उतरवली होती. हे मी तिला समजावलं, आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात समजावलं.

मग फोनवर ॲप चालू केलं आणि माझ्या लॅपटॉपवर डेटाबेस इन्स्पेक्टर लावला. तो चालत्या ॲपचाच डेटाबेस दाखवतो, फाइल उतरवायची भानगड नाही. मुलांचं टेबल उघडलं आणि आली सगळी, एकाखाली एक, आईच्या नावासकट, वजनासकट. कार्यकर्तीने पदर तोंडाला लावला.

लाल पट्टीचं कारणही तिथेच होतं. एका मुलाच्या जन्मतारखेच्या रकान्यात NULL होतं, म्हणजे काहीच भरलेलं नव्हतं, आणि त्या एका ओळीपायी सर्व्हर अख्खा गठ्ठा परत पाठवत होता.

“तारीख का नाही भरली?” मी विचारलं. कार्यकर्ती खाली बघायला लागली. मी पुन्हा विचारलं.

सहकारी तिच्या शेजारी टेकली आणि वारलीत काहीतरी बोलली. लगेच उत्तर आलं, चांगलं लांबलचक.

“आईला तारीख माहीत नाही,” सहकारीने मला सांगितलं. “पण मागच्या वर्षी दिवाळीतल्या वाघबारशीच्या आदल्या दिवशी झाला. बाळंतपणामुळे वाघोबाला न्यायचा नारळ घरातच राहिला, म्हणून पक्कं लक्षात आहे.” तिने फोनवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं आणि तारीख सांगितली.

मी इन्स्पेक्टरमध्येच त्या रकान्यावर डबल क्लिक करून ती टाकली. कार्यकर्तीने ‘पाठवा’ दाबलं. माझ्या स्क्रीनवर एकेका ओळीचं ‘बाकी’ जाऊन ‘पोचलं’ झालं.

“ताईंनी शोधलं हां सगळं,” सहकारी तिला म्हणाली. “माझ्या हातून तर पुसलंच गेलं असतं.” तिने एवढं सरळ सांगून टाकलं, की तिच्यावर चिडायचीही सोय राहिली नाही.

कार्यकर्तीने मला हात जोडले. मग सहकारीचा हात धरला आणि जाताना मला म्हणाली, “पोरगी लय हुशार हाय तुमची. सोडू नका तिला.”

“नाही सोडणार,” मी म्हणाले. मला तिचा इतका हेवा त्याआधी कधीच वाटला नव्हता.