अर्धवट सोडलेलं औषध

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. वाडीतल्या विहिरीपासून ओटीपर्यंत येताना तीनदा बसावं लागायचं. कोणी हात धरायला आलं की मी झटकून टाकायचो.

इस्पितळातल्या छातीच्या डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. सगळे पेशंट गेल्यावर त्यांनी मला नि बायकोला बसवून घेतलं.

"काका, तुमचा आजार वैद्यकीय मासिकात लिहिते आहे. नाव नाही, फोटो नाही. पण तुमची संमती लागते. आधी ऐका, मग सही करा."

"चौथीपर्यंत शिकलोय बाई, पण ऐकायला कान आहेत."

त्या हसल्या. इंग्रजीतलं मराठी करून वाचू लागल्या. आधी रुग्ण कोण, कसलं काम करतो. मग घटनाक्रम, म्हणजे काय कधी झालं. त्यानंतर तपासणीत काय सापडलं, कोणते उपचार केले. शेवटी चर्चा: हा आजार कशामुळे असावा आणि दुसरा का नसावा.

घटनाक्रमातच त्या म्हणाल्या, "रुग्णाने क्षयाचं औषध अर्धवट सोडलं. त्यानंतर त्रास उलटला."

"खोटं आहे!" मी टेबलावर हात आपटला. "मी एक गोळी चुकवली नाही."

"केसपेपरवर तसं लिहिलंय, काका."

"लिहिणारा माझ्या घरी राहायला होता काय? तुमचा कागद छापून येणार, आणि मी जन्मभर बेपर्वा ठरणार. सही करत नाही, जा."

बायको म्हणाली, "ओरडू नका, धाप लागंल." धाप लागलीच होती.

बाईंनी कोरा कागद घेतला. "मग तुम्ही सांगा. पहिल्यापासून."

मला तारखा येत नाहीत, सण येतात. पाऊस सरल्यावर पहिला ताप, खोकला. थुंकीत काही निघालं नाही, तरी छातीचा फोटो बघून जवळच्या डॉक्टरने क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. नाताळाआधी डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून लेकीने एव्हरशाईन वसाहतीतल्या तिच्या फ्लॅटवर नेलं. जावयाच्या घरी राहणार नाही अशी माझी प्रतिज्ञा होती, पण डोळ्याला पट्टी असलेल्या माणसाचं कोण ऐकतो! तिथे खोकला थांबला. सगळे म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. नाताळाला घरी आलो, आणि पुन्हा तेच.

"तेव्हा गोळ्या चालू होत्या?"

"ही स्वतः हातावर ठेवायची. विचारा."

बायकोने मान डोलावली. बाईंनी पेन थांबवलं.

पुढचं त्यांनाच ठाऊक होतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यांच्याकडे भरती झालो, बरा झालो, घरी गेलो, पुन्हा परतलो. त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली. त्रासाचे दिवस वर, बरे दिवस खाली. वरचं प्रत्येक टोक माझ्या घरी होतं. खालचं प्रत्येक घराबाहेर.

"गोळ्यांचा संबंधच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "काका, घरात श्वासातून छातीत जाईल असं काय आहे? कबुतरं? ओल?"

"काही नाही. सुकेळीची पानं आहेत माळ्यावर."

त्या वसईच्या नव्हत्या. त्यांना सांगावं लागलं की राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतो आणि केळीच्याच सुक्या पानात बांधतो. पानांचे बिंडे, म्हणजे बांधलेले भारे, आमच्या पलंगावरच्या माळ्यावर असतात. पावसाळाभर तिथेच. पाऊस सरला की सोडून झाडायचे. माझ्या बापाचे होते तिथेच माझे.

"बुरशी येते त्यांना?"

"थोडी पांढरी धूळ. झाडली की जाते."

बाईंनी माझा स्कॅन लावला. फुप्फुसावर धुरकट डाग होते. "हे डाग जाऊ शकतात. पण कडेच्या या रेघा वणाच्या आहेत, त्या जात नाहीत. दरवेळी त्रास उलटला की वाढत असाव्यात."

"म्हणजे पानांनी केलं?"

"एका माणसावरून सिद्ध झालं असं लिहिता येत नाही. बहुधा, असं लिहीन. पानं तपासायला हवीत. तुम्ही हात लावू नका, आमचा माणूस येईल. तोवर त्या घरात झोपू नका. चर्चा मला सगळी नव्याने लिहावी लागेल."

"आणि ते अर्धवट?"

त्यांनी माझ्यासमोर ओळ खोडली. वर लिहिलं, वाचून दाखवलं: औषध नियमित घेतलं, तरी घरी परतल्यावर त्रास उलटला. मी सही केली. जिंकलो होतो.

तेवढ्यात बायको खोकली. कोरडा, आखूड खोकला. बाईंनी मान वर केली.

"मावशी, कधीपासून?"

"काय नाय गं. यंदा पानं मीच झाडली ना. ह्यांना कुठे जमतं आता?"

माझाच खोकला मी तिच्या तोंडून ऐकत होतो.

बाईंनी तिचा केसपेपर काढायला सांगितला. ती रात्र आम्ही बाहेर ओटीवर काढली. माळ्याकडे मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्याची शिडी अंगणात ओढली, करवतीने तिचे दोन तुकडे केले, दाराला कुलूप लावलं, बायकोला रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला म्हणालो, "एव्हरशाईन. माझ्या जावयाच्या घरी."